आधी ओहोटीची वेळ बघितली, मग रूम बुक केली

मला डोंगर हवा होता, हे आधीच सांगून टाकते. मोठी सव्वातीन वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, आणि दोघांना घेऊन पहिल्यांदाच तीन रात्री घराबाहेर राहायचं ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर लगेच थंड हवा, धुकं, शाल गुंडाळून व्हरांड्यात बसलेली मी असंच सगळं आलं. दोन वर्षं नीट झोप झाली नव्हती, त्यामुळे शांतता या शब्दाचंच मला आकर्षण होतं. नवऱ्याला समुद्र हवा होता. तो म्हणाला मुलं वाळूत खेळतील, आपण बसू. मी म्हटलं बसायला मिळणार नाही, एक पाण्याकडे पळेल आणि दुसरी वाळू खाईल. आठवडाभर आमचं हेच चाललं होतं, आणि दोघंही आपापल्या लहानपणच्या आठवणींवरून बोलत होतो, मुलांवरून नाही.

मग एका रविवारी सकाळी असं झालं की आम्ही दोघांना घेऊन जवळच्या टेकडीवर गेलो, गाडी वरपर्यंत जाते तिथे. वर गेल्यावर मी धाकट्याला उचलून समोरचं दाखवत होते, ते बघ केवढं छान, ते बघ लांबवर नदी. तो माझ्या हाताच्या दिशेला बघतच नव्हता. त्याची नजर खाली होती, माझ्या चपलेजवळ एक मुंगळा चालला होता त्याच्याकडे. खाली सोडल्यावर तो त्या मुंगळ्यामागे उकिडवा बसला आणि वीस मिनिटं तिथून हलला नाही. मोठी कठड्याच्या गजांमधून डोकं बाहेर काढायला बघत होती, तिला धरून ठेवण्यातच नवऱ्याचा सगळा वेळ गेला. घरी येताना माझ्या लक्षात आलं की डोंगरावर जायचं ते दृश्य बघायला, आणि दृश्य ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे. दीड वर्षाच्या मुलाला लांबचं दिसतं, नजर चांगली असते, पण त्याला लांबच्या गोष्टीचं करायचं काय हे कळत नाही. त्याचं जग जमिनीपासून दोन फुटांवर आणि हात पुरेल तेवढ्या अंतरात असतं. तिथे त्याला काहीतरी उपसायला, ओतायला, टाकायला, परत उचलायला हवं असतं.

म्हणून पहिला प्रश्न आम्ही बदलला. डोंगर की समुद्र हे बाजूला ठेवलं आणि कागदावर मुलांचा एक दिवस लिहून काढला. सहाला उठणं, सात ते दहा भरपूर उत्साह, साडेबाराला धाकट्याची झोप, अडीचला उठणं, पाच ते साडेसहा परत खेळ, साडेआठला दोघंही गाढ. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते, दुपारची धरून, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा. म्हणजे खेळायचे खरे तास सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दीड, एवढेच. ट्रिप याच साडेचार तासांत होणार, बाकी सगळा वेळ आपण रूमवर, जेवणाच्या टेबलावर नाहीतर गाडीत असणार. आता हे साडेचार तास कुठे चांगले जातील एवढंच बघायचं होतं.

आणि गाडीतले तास. त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हिल स्टेशनचा निर्णय खरं तर घाटातच होतो.

आमच्या मनातलं हिल स्टेशन घरापासून साडेपाच तासांवर होतं, त्यातला शेवटचा दीड तास घाट. समुद्रकिनारा साडेचार तासांवर, रस्ता जवळजवळ सरळ. एक तासाचा फरक काही मोठा नाही असं मला वाटत होतं. पण आमच्या मोठीला गाडी लागते, आणि ते आम्हाला त्याच सुमारास नव्याने कळलं होतं, वर्षभरापूर्वी तिला काही होत नसे. नंतर समजलं की हे असंच असतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, त्रास सुरू होतो तो दोननंतर आणि बारा वर्षांपर्यंत तो सगळ्यात जास्त असतो. कारण साधं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण वळतोय, हलतोय, आणि डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ असते, ती जागची हलत नाही. मेंदूकडे दोन वेगळ्या बातम्या येतात आणि पोट ढवळायला लागतं. मूल लहान असल्याने सीटवरून त्याला खिडकीबाहेरचं नीट दिसतही नाही, त्यात ते रडू नये म्हणून आपण हातात मोबाईल किंवा चित्रांचं पुस्तक देतो आणि ते सगळ्यात वाईट, कारण मग नजर पूर्ण खाली जाते.

सव्वातीन वर्षांचं मूल 'मला मळमळतंय' असं म्हणत नाही. आमची आधी गप्प होते. अखंड बोलणारी मुलगी एकदम बोलायची थांबते, मग एकामागून एक जांभया, मग तोंडात लाळ साठते आणि ती सारखी गिळते, ओठांभोवतीचा रंग उतरतो. जांभया आल्या की झोप आली असं वाटून मी एकदा तिला पांघरूण घातलं होतं, पाच मिनिटांत सगळं पांघरूणावर. आता गप्प झाली की आम्ही लगेच गाडी बाजूला घेतो, तिला उतरवतो, सपाट जमिनीवर थोडं चालवतो, आणि निम्म्या वेळा तेवढ्यानेच टळतं. पण घाटात गाडी बाजूला घ्यायला जागाच नसते, आणि वळण संपेपर्यंत थांब असं मुलाला सांगता येत नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. घाट मूल झोपेत असताना चढायचा हा सगळ्यात चांगला, कारण डोळे मिटलेले असले की तो डोळ्या-कानाचा झगडाच राहत नाही. निघण्याआधी पोट अगदी रिकामंही नको आणि भरलेलंही नको, काहीतरी कोरडं आणि थोडंसं. काच थोडी खाली. सीट सुरक्षित ठेवून शक्य तेवढी समोरची काच दिसेल अशी. औषध द्यायचं तर आधी मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण या औषधांनी झोप येते आणि काही मुलांमध्ये उलट चिडचिड वाढते, आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तर स्वतःच्या मनाने काहीच नाही. हे सगळं करता येतं. पण आम्हाला हे जाताना करायचं होतं आणि येताना परत करायचं होतं, आणि येताना दुसरी एक गोष्ट असते ती म्हणजे कान. वर चढताना कानाला दडे बसले तरी हवा आपोआप सुटते, उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि लहान मुलांची कान-घशातली नळी अरुंद असल्याने त्यांना जास्त दुखतं. मूल एकदम किंचाळून रडायला लागतं, कान ओढतं, आणि आपल्याला वाटतं हट्ट करतोय. तेव्हा गिळायला लावायचं, घोटघोट पाणी द्यायचं, अंगावर पिणारं असेल तर सुरक्षित जागी गाडी थांबवून पाजायचं. सर्दी असेल तर हे दुखणं बरंच वाढतं, आणि आमच्या घरात त्या काळात सर्दी नसलेला आठवडा शोधावा लागत होता.

उंचीची भीती मात्र मी उगाच बाळगली होती. मला वाटायचं वर गेल्यावर हवा विरळ, बाळाला दम लागेल. साधारण अडीच हजार मीटरच्या खाली उंचीचा आजार सहसा होत नाही, आणि लोक मुलांना घेऊन जातात ती बरीचशी थंड हवेची ठिकाणं त्याच्या खालीच असतात. त्याहून वर जायचं असेल तर गोष्ट वेगळी, कारण लहान मूल डोकं दुखतंय हे सांगत नाही, फक्त जेवत नाही, झोपत नाही, सारखं कुरकुरतं, आणि हे सगळं प्रवासाने थकलेलं मूलही करतंच. ओळखायचं कसं हाच प्रश्न. अशा वेळी शंका आली तरी आणखी वर जायचं नाही, त्रास वाढला तर थेट खाली यायचं. पहिल्या ट्रिपला मला हा प्रश्नच नको होता. थंडीचा हिशोब सोपा असतो, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी धरायचे, म्हणजे खाली तीस असेल तर दीड हजार मीटरवर वीसच्या आसपास आणि रात्री अजून खाली. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं मात्र कधीच नाही, कितीही थंडी असली तरी. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होतो.

तर घाटामुळे समुद्र ठरला. पण समुद्र ठरला म्हणजे काम झालं असं मला वाटत नव्हतं, कारण माझी भीती खरी होती, पाणी आणि दीड वर्षाचं मूल. आणि मग मला भरती-ओहोटीचं वेळापत्रक सापडलं. सापडलं म्हणजे ते कायम उपलब्ध असतं, कोणत्याही किनाऱ्याचं महिनोन्महिने आधी बघता येतं, मीच कधी बघितलं नव्हतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. एका पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास लागतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे तुम्ही कोणत्या तारखेला जाता यावर तुमच्या मुलांच्या सात ते दहाच्या वेळात समोर काय असणार हे ठरतं. पूर्ण भरती असेल तर वाळूची जेमतेम एक पट्टी, तीही कोरडी, उतरती, आणि लाट एकदम पायाशी येऊन फुटते. ओहोटी असेल तर पाणी लांब गेलेलं, आणि मधे ओल्या, घट्ट, सपाट वाळूचं मैदान. लहान मुलाला हवी असते ती ही ओली वाळू, कोरडी नाही. ओल्या वाळूत खड्डा टिकतो, ढीग टिकतो, ती उडून डोळ्यात जात नाही आणि तिच्यावर दीड वर्षाच्या मुलाला न पडता चालता येतं.

आम्ही कागद परत काढला. आम्हाला असे दिवस हवे होते की पूर्ण ओहोटी सकाळी आठच्या सुमारास असेल. पहिल्या सकाळी आठ वाजता, दुसऱ्या सकाळी आठ पन्नास, तिसऱ्या सकाळी नऊ चाळीस. तिन्ही सकाळी खेळायच्या वेळात पाणी लांब. आणि गंमत अशी की आठला ओहोटी म्हणजे भरती दुपारी सव्वादोनच्या आसपास, जेव्हा मुलं झोपलेली असणार आणि उन्हामुळे बाहेर पडायचंच नाही, आणि पाच साडेपाचला परत बाहेर पडू तेव्हा पाणी तीन तासांपासून मागे सरकत असणार, किनारा मोकळा होत चाललेला. एवढा नीट मेळ बसेल असं मला वाटलं नव्हतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि वेगाने आत-बाहेर करतं, तो काळ आम्ही टाळला. महिन्यात असे आठवडा-दहा दिवसांचे दोन तुकडे मिळाले, त्यातल्या एकात नवऱ्याला सुट्टी मिळत होती. मग रूम शोधली. आधी तारीख, मग जागा. आम्ही पूर्वी कायम उलटं करायचो.

रूमसाठी फोनवर मी सगळ्यांना आधी एकच विचारलं, पूल आहे का आणि असेल तर त्याला कुंपण आणि बंद होणारं फाटक आहे का. एका ठिकाणी मला अगदी कौतुकाने सांगितलं की पूल तुमच्या रूमच्या दारासमोरच आहे, दार उघडलं की पाणी. मी आभार मानून फोन ठेवला. समुद्रावर जाताना आपण सावध असतो, मुलाचा हात धरलेला असतो. पूल मात्र आपण बॅग भरत असताना, आंघोळीला गेलेलो असताना समोर असतो, आणि दीड वर्षाच्या मुलाला दाराची कडी हल्लीच जमायला लागलेली असते. शेवटी पूल नसलेली, तळमजल्यावरची, किनाऱ्यापासून चार मिनिटांवरची जागा घेतली. तळमजला कारण जिना आणि बाल्कनी दोन्ही नको होतं.

आम्ही तीन मोठी माणसं होतो, सासूबाईही आल्या. हे मुद्दाम लिहितेय, पुढे त्याचा संबंध येतो.

पहिला दिवस बिघडला आणि तो आमच्याच घाईने बिघडला. मुलं गाडीत झोपून उठलेली, आम्ही दोन वाजता पोहोचलो, समुद्राचा आवाज येत होता आणि कोणालाच धीर धरवेना. तीन वाजता किनाऱ्यावर. नुकतीच भरती होऊन गेलेली, लाटा जवळ आणि मोठ्या, आवाज एवढा की धाकट्याने माझ्या मानेला जी मिठी मारली ती सोडलीच नाही, पाय खाली लावायलाच तयार नाही. कोरडी वाळू तापलेली, मोठीने चपला काढल्या आणि दोन पावलांत ओरडायला लागली. त्यात वारा, तिच्या डोळ्यात वाळू गेली, ती डोळा चोळायला लागली, आणि चोळल्याने वाळू अजून रुतते म्हणून मी तिचे हात धरून ठेवले आणि सासूबाईंनी बाटलीतलं पिण्याचं पाणी हळूहळू डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून बाहेर सोडलं. वीस मिनिटांत आम्ही रूमवर परत. धाकटा रात्री झोपताना सुद्धा समुद्राच्या दिशेला बोट दाखवून नको नको म्हणत होता आणि मला वाटलं आपण चुकलो, डोंगरच बरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला गेलो. तोच किनारा ओळखू येत नव्हता. पाणी लांब गेलेलं, आवाज नुसता गुणगुणल्यासारखा, आणि सपाट वाळूत जागोजागी ओहोटीने मागे ठेवलेली पाण्याची डबकी, कुठे घोट्याएवढी, कुठे वीतभर खोल. धाकट्याला मी एका डबक्याच्या काठावर उभं केलं, हात सोडला नाही. आधी त्याने एक बोट बुडवलं. मग तळवा. मग माझा हात सोडून खाली बसला. त्याच्याकडे दूध मोजायचा एक छोटा प्लॅस्टिकचा कप होता, तो आम्ही खेळणं म्हणून आणलाही नव्हता, बॅगेत चुकून राहिलेला. त्याने कपाने डबक्यातलं पाणी घेतलं, दोन पावलं चालला, वाळूत ओतलं, पाणी वाळूत जिरलं, त्या जागेकडे वाकून बघितलं, पाणी कुठे गेलं म्हणून तिथे हात लावला, मग परत डबक्याकडे. परत कप, परत दोन पावलं, परत ओतलं, परत जिरलं, परत वाकून बघितलं. एक तास दहा मिनिटं हे चालू होतं, मी घड्याळ बघितलं होतं. घरी तो कोणत्याही गोष्टीत दहा मिनिटं रमत नाही. मोठीने तोपर्यंत खेकड्यांनी बिळाबाहेर टाकलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या बघितल्या आणि तिचं पुढचं सगळं काम ठरलं, कोणत्या बिळात कोण राहतं ते बसून बघणं. मला हे डोंगरावर मिळालं नसतं असं मी म्हणणार नाही, मुंगळा तिथेही होता, पण तिथे मी मुलांना कठड्यापासून ओढत राहिले असते.

त्याच सकाळी, शेवटच्या काही मिनिटांत, एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं अपुरं आहे.

आम्ही निघायच्या तयारीत होतो. मी टॉवेल झटकत होते, नवरा मोठीच्या पायाची वाळू काढत होता, सासूबाई पिशवी भरत होत्या. तिघंही धाकट्यापासून चार-पाच पावलांच्या आत. तो डबक्यात वाकला आणि तोल जाऊन पालथा पडला, तोंड पाण्यात. पाणी वीतभरही नव्हतं. आवाज आला नाही. ना छपाक, ना रडणं, ना हात-पाय मारणं, काहीच नाही. मी टॉवेल झटकून वळले म्हणून मला त्याची पाठ दिसली, आणि मी धावले, उचललं, तो खोकला, मग रडला, मग दोन मिनिटांत परत कप मागायला लागला. त्याला काही झालं नाही. माझे पाय रूमवर पोहोचेपर्यंत थरथरत होते.

नंतर दुपारी मुलं झोपल्यावर आम्ही बोललो. कोणाचंच दुर्लक्ष झालं नव्हतं, प्रत्येकाला वाटत होतं की बाकी दोघं बघतायत. मूल बुडतं तेव्हा ते ओरडत नाही हे मी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. ज्या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं त्या वयात पालथं पडलेलं मूल स्वतःचं तोंड वर काढू शकेलच असं नाही, आणि त्याला काही इंच पाणी पुरतं. त्या दुपारी आम्ही ठरवलं की पाण्याजवळ प्रत्येक मुलाच्या नावावर एकच माणूस, हात पुरेल एवढ्या अंतरावर, त्याच्या हातात मोबाईल नाही, पिशवी नाही, टॉवेल नाही. आणि बदली करायची तर तोंडाने बोलून. 'धाकटा आता तुझ्याकडे,' असं म्हणायचं आणि समोरच्याने 'माझ्याकडे' म्हटल्याशिवाय नजर काढायची नाही. पहिल्यांदा बोलताना अवघड वाटलं, संध्याकाळपर्यंत सवय झाली. तिसरा माणूस फोटो काढेल, पिशव्या भरेल, पाणी देईल. म्हणून तीन मोठे लागतात दोन लहानांना, समुद्रावर तरी.

लाटांच्या पाण्यात आम्ही मुलांना घेऊन गुडघ्याच्या पुढे गेलोच नाही. लोकांना वाटतं जिथे लाट फुटत नाही, पाणी गुळगुळीत दिसतं, तिथे मुलांना न्यावं. पुष्कळदा तीच जागा धोक्याची असते, दोन बाजूंना लाटा फुटताना मधला शांत पट्टा म्हणजे पाणी तिथून आत ओढलं जातंय. स्थानिक माणसाला विचारावं, आम्ही रोज सकाळी विचारत होतो.

बाकीची व्यवस्था लवकर जमली. ऊन डोंगरावर लागत नाही हा एक समज मला सोडायला लागला, उलट दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, फक्त गार हवेमुळे कळत नाही. किनाऱ्यावर वाळूही थोडं ऊन परत फेकते, म्हणून छत्रीखाली बसवलं तरी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मानेवर येणारी टोपी लागतेच, सनस्क्रीन निघण्याआधी रूमवरच लावायचं आणि दोन तासांनी परत. नेहमीचा डायपर पाण्यात फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो, पाण्यात चालणारा वेगळा मिळतो. धाकट्याला तेव्हा थोडा रॅश होता आणि खाऱ्या पाण्याने तो झोंबला, मग रोज निघताना आम्ही पाच लिटरचा कॅन भरून नेत होतो आणि किनाऱ्यावरच गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, क्रीम लावूनच परत आणत होतो.

तीन रात्रींत आम्ही फिरायला म्हणून कुठेच गेलो नाही. तोच किनारा, तीच डबकी, रोज पन्नास मिनिटं उशिरा. मोठीने तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, आज पाणी अजून का गेलं नाही, काल तर या वेळेला गेलं होतं. तिला मी सांगितलं की पाणी रोज थोडं उशिरा जातं, चंद्र रोज थोडा उशिरा येतो ना तसं. ती बराच वेळ विचार करत होती.

आता माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तिलाही पहिल्या ट्रिपला जायचंय आणि ती म्हणाली ताई, तू सांग ना, समुद्र म्हणजे समुद्रच ना मग. मी तिला लगेच हो म्हणू शकले नाही. तिची मुलगी दोन वर्षांची आणि मुलगा सात महिन्यांचा, तिचा नवरा कामामुळे येणार नाही, म्हणजे मोठं माणूस ती आणि मदतीला एक मावशी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन मुलं आणि पळू शकेल असं एकच माणूस. सात महिन्यांचा तर अजून रांगत नाही, त्याला छातीशी बांधून ती कुठेही फिरू शकते, त्याला ना वाळू हवी ना पाणी, त्याला आईचं अंग आणि गार हवा पुरते. त्यात त्याला उन्हाळ्यात सारखं घामोळं येतं. मुलीला अजून गाडी लागलेली नाही, पण लागायचं वय आता सुरू होतंय, म्हणून मी तिला म्हटलं आधी जवळच्या एखाद्या वळणाच्या रस्त्यावर तासभर फिरवून आण, मग ठरव.

तिने फिरवून आणलं. मुलगी चाळीस मिनिटांनी गप्प झाली, जांभया दिल्या, पण उलटी झाली नाही. मग आम्ही दोघी फोनवर बसून शोधत राहिलो आणि आठशे मीटर उंचीचं एक ठिकाण मिळालं, घाट फक्त पंचवीस मिनिटांचा, खोलीसमोर कुंपण घातलेलं सपाट अंगण, पूल नाही, बाल्कनी नाही. ड्रायव्हरला सांगितलंय की पहाटे साडेचारला निघायचं, म्हणजे साडेसहाच्या आत, मुलं झोपेत असतानाच घाट चढून होईल. तिने मला काल विचारलं, सोबत खेळणी काय नेऊ. मी म्हटलं एक कप ने, आणि अंगणात नळ आहे का ते आधी फोन करून विचार.